एक अक्षता, चाळीस सेकंद, आठ एमबी

या भागात बोलूया परदेशातल्या नातेवाइकांसाठी लग्नाची ॲनिमेटेड पत्रिका फोनवरच कशी बनवायची, यावर. उदाहरण घरचंच घेतो. मामेबहिणीचं लग्न, कोल्हापुरात, १८ डिसेंबरला, मुहूर्त दुपारी १२:२४. तिची आत्या, म्हणजे माझी मावशी, न्यू जर्सीत. तिला येणं शक्य नाही, आणि आजीला तेच लागून राहिलंय. म्हणून ही पत्रिका खरं तर मावशीसाठीच होती.

आधी गोष्ट ठरवा, ॲप नंतर उघडा. आपल्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, सोबत अक्षता देतात. मी त्यातली एकच अक्षता उचलली. पहिली सहा सेकंदं देवघर आणि पत्रिका. मग आजीच्या हातातून एक दाणा वर उडतो. पुढची आठ सेकंदं तो पन्हाळ्यावरून, समुद्रावरून जातो. मग बर्फाळ खिडकीतून मावशीच्या तळहातावर पडतो. शेवटची चौदा सेकंदं नावं, तारीख, स्थळ, वेळ. झाले चाळीस!

आता तुम्ही म्हणाल, एकच दाणा का? पडदाभर फुलं उधळू की! तर इथेच फाइलचं गणित आहे. व्हिडिओ लहान करताना प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. पार्श्वभूमी स्थिर आणि एक दाणा हलतोय, तर बदल थोडा. शेकडो पाकळ्या एकदम पडल्या की सगळंच बदलतं, आणि तेवढ्याच एमबीत चित्राचे चौकोन-चौकोन दिसायला लागतात. शिवाय दाणा म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमीचं एक छोटं चित्र. सुरुवातीला एक कीफ्रेम, शेवटी एक, मध्ये थोडं वळण द्यायला एक. बास.

अक्षरांचं मात्र सांभाळा. काही एडिटिंग ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात. ‘श्री’, ‘ज्येष्ठ’, ‘कार्यालय’ हे तीन शब्द आधी टाइप करून बघा. पाय मोडलेली अक्षरं दिसली, तर मजकूर दुसऱ्या ॲपमध्ये नीट लिहून पारदर्शक पीएनजी करून आणा. फॉन्ट जाड घ्या, ‘मुक्ता’चा बोल्ड छान चालतो. बारीक फॉन्टमधल्या वेलांट्या आणि अनुस्वार फाइल लहान केली की पुसट होतात. आणि प्रत्येक मजकूर मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवा.

संगीत. सिनेमातलं गाणं लावलंत, तर ते इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर टाकल्यावर हक्काच्या कारणानं आवाज बंद होऊ शकतो. त्यापेक्षा ओळखीच्या सनईवाल्याकडून परवानगी घेऊन अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आम्ही तेच केलं आणि त्यावर आजीचा आवाज घेतला. पंखा बंद, खोलीत गाद्या-चादरी, फोन तोंडापासून वीतभर लांब. ती म्हणाली, “ये गं बाळे. नाहीच जमलं, तर तिथनंच अक्षता टाक.” दाणा तळहातावर पडतो, तिथं हे वाक्य येतं. त्या वेळी सनई पाचव्या हिश्श्यावर आणली, नाहीतर आजी ऐकूच येत नाही.

वेळ लिहिताना प्रत्येक गावची वेगळी लिहा. मुहूर्त १२:२४ म्हणजे दुबईत सकाळी १०:५४, लंडनला सकाळी ६:५४, न्यू जर्सीत रात्री १:५४. तारीख तिथेही १८च, पण ती १७च्या जेवणानंतरची रात्र! हे स्पष्ट लिहिलं नाही, तर माणूस एक दिवस उशिरा लाइव्ह लावून बसेल. आणि लग्न मे महिन्यात असेल तर तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणजे न्यू जर्सीत २:५४ आणि लंडनला ७:५४. दुबईत फरक पडत नाही.

आता एक्सपोर्ट. उभा व्हिडिओ, ७२० बाय १२८०, सेकंदाला २५ चित्रं, एमपी४, बिटरेट दीड एमबीपीएस. हिशोब सोपा आहे: दीड गुणिले चाळीस म्हणजे ६० मेगाबिट, भागिले आठ म्हणजे साडेसात एमबी. आवाजाचा अर्धा-पाऊण एमबी धरून साधारण आठ. ॲपमध्ये बिटरेटचा पर्याय नसेल, तर लांबी कमी करा, अक्षरांचा आकार नको.

पाठवताना व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. पण आजी-आजोबांना डॉक्युमेंट उघडायला जड जातं, त्यांना साधा व्हिडिओच बरा. सगळ्यांना पाठवण्याआधी घरातल्या सर्वात जुन्या फोनवर, आवाज बंद करून एकदा बघा. तारीख, वेळ, गाव कळलं, तर पत्रिका तयार आहे.

मावशीनं १:३०चा गजर लावलाय, आणि तांदळाला हळद लावून वाटीत ठेवलेत. भेटू पुढच्या भागात!