अबोलीला तांब्याभर पाणी

समजा, गोव्यातल्या एका गावात पन्नाशीच्या एक बाई राहतात. मुलीचं लग्न झालं, मुलगा बोटीवर असतो. गेले दोन महिने त्या सकाळी उठतात, चहा घेतात आणि पुन्हा आडव्या होतात. एकेकाळी रोज अबोलीचा वळेसर माळणाऱ्या या बाईंची अंगणातली अबोली आता सुकत चालली आहे. शेजारीण सांगते, ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल.’ त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘मन झालं की पडेन.’

नैराश्याची गाठ याच उत्तरात बसलेली असते. मन उदास झालं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. पडून राहिल्यावर घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, म्हणून पडून राहण्याची सवय लागते. पण सुटलेल्या कामांबरोबर त्यांतून मिळणारी गंमत, चार शब्दांची सोबत आणि ‘एवढं तरी जमलं’ ही भावनाही जाते. मग मन आणखी खचतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात या चक्राकडे लक्ष वेधलं. चक्र तोडायचं तर मनाच्या आधी हातापायांपासून सुरुवात करायची, यावर आधारलेल्या उपचाराला इंग्रजीत ‘बिहेवियरल अ‍ॅक्टिवेशन’ म्हणतात.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचं नसतं, फक्त नोंद ठेवायची. कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, याला शून्य ते दहा गुण द्यायचे. बाईंच्या वहीत दिवसभर एक आणि दोन दिसतात. मंगळवारी संध्याकाळी मात्र चार आहे. त्या वेळी पोदेर पाव घेऊन आला होता आणि दारात पाच मिनिटं बोलत थांबला होता. सगळे दिवस सारखेच वाईट जातात, असं त्यांना वाटत होतं. वही वेगळं सांगते.

दुसऱ्या आठवड्यात बेत आखायचा. बाई ठरवतात, ‘रोज फुलं तोडून वळेसर करायचा.’ तीन दिवस जातात, एकही होत नाही आणि ‘बघा, मी कुचकामीच’ याला आणखी एक पुरावा मिळतो. इथे चूक बाईंची नसते, बेताच्या मापाची असते. न जमलेलं काम निम्मं करायचं, तेही जमलं नाही तर आणखी निम्मं. शेवटी उरतं ते असं: सकाळी साडेसातला, चहाचा कप खाली ठेवल्याबरोबर, अबोलीला तांब्याभर पाणी घालायचं. काय, कधी, कुठे आणि कशाच्या पाठोपाठ, हे सगळं ठरलेलं असलं की त्या क्षणी मनाला विचारावं लागत नाही.

पाणी घालण्याआधी त्या अंदाज लिहितात: ‘बरं वाटेल: शून्य.’ नंतर लिहितात: दोन. दोन म्हणजे आनंद नव्हे. पण अंदाज चुकला, हे महत्त्वाचं. ‘कशात काही अर्थ नाही’ हे मनाचं भाकीत असतं आणि ते रोज वहीत पडताळून पाहता येतं. दहा दिवसांनी त्या पाण्याला दुसरी गोष्ट जोडतात: संध्याकाळी पोदेर येईल तेव्हा आतून हाक न मारता दारात जाऊन उभं राहायचं.

इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. काम ज्याचं त्यानेच निवडलेलं हवं. सुनेला बरं वाटावं म्हणून केलेला योगवर्ग बहुधा टिकत नाही. आणि हात कामात असताना डोक्यात जुनीच चिंता फिरत असेल, तर गुण वाढत नाहीत. अशा वेळी पाण्याचा गारवा, मातीचा वास याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं.

गोव्याचं उदाहरण घेण्याला कारण आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर हाच उपचार तपासला. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसं होती आणि भेटी सहा ते आठ. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त डॉक्टरांचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

म्हणजे या गटातही तिघांपैकी एकाला तेवढ्याने पुरलं नाही. दोन-तीन आठवडे नेटाने करूनही वहीतले आकडे हलत नसतील, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहूच नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. सुरू असलेली औषधं या वहीच्या भरवशावर बंद करू नयेत.

बाईंच्या वहीत सहाव्या आठवड्यातही एखादा दिवस एकचा असतो. त्या दिवशीही साडेसातच्या रकान्यात ‘पाणी घातलं’ असं लिहिलेलं असतं. मन झालं होतं का, हा रकाना वहीत मुळात नाहीच.