सुनावणीतील दोष आणि आदेशाची वैधता : बेळगाव महापालिकेच्या बरखास्तीच्या निमित्ताने

बेळगाव-निपाणी सीमाभागात प्रशासकीय आदेशांविषयी बोलताना एक समज इतक्या ठामपणे मांडला जातो, की त्याला जणू कायद्याच्या कलमाचेच रूप आले आहे. सरकारने म्हणणे नीट ऐकून घेतले नाही, म्हणून आदेश आपोआप रद्द, असा हा समज होय. 27 ऑक्टोबर 2005 रोजी बेळगाव महापालिकेने शहर महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची मागणी करणारा ठराव केला आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये कर्नाटक सरकारने ती बरखास्त केली, त्या प्रकरणालाही हा समज सर्रास चिकटवला जातो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. सरकारने बरखास्तीपूर्वी महापालिकेला नोटीस बजावली होती, आणि पुढे तत्कालीन महापौर विजय मोरे यांनी दाद मागितली तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाने बरखास्तीचा आदेश कायम ठेवून सहा महिन्यांत निवडणूक घेण्यास सांगितले. हा निकाल राजकीयदृष्ट्या कोणाला पटो वा न पटो, ‘आमचे म्हणणे मान्य झाले नाही’ आणि ‘आमचे म्हणणे ऐकलेच नाही’ या दोन तक्रारी कायद्याच्या लेखी एक नाहीत, आणि नैसर्गिक न्यायाचे तत्त्व, म्हणजे बाधित पक्षाला आपली बाजू मांडू देण्याचा आणि निःपक्ष व्यक्तीनेच निर्णय देण्याचा नियम, केवळ दुसऱ्या तक्रारीची दखल घेते.

मग कोणता दोष आदेशाच्या मुळावर येतो? दिल्लीतील एका प्रकरणातून याचे उत्तर मिळते. 1980 मध्ये नवी दिल्ली नगरपालिका समिती कोणतीही पूर्वसूचना न देता बरखास्त करण्यात आली, तेव्हा समितीला आरोपांचा तपशील पत्रव्यवहारातून ठाऊकच होता आणि सुनावणीने काही फरक पडला नसता, असा बचाव सरकारने केला. एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. आरोप माहीत असणे पुरेसे नाही, त्या आरोपांवरून बरखास्तीची कारवाई योजली आहे हेही संबंधितांना कळले पाहिजे, आणि सुनावणी नाकारणे हीच मुळात हानी असल्याने वेगळी हानी दाखवण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. मान्य तथ्यांवरून एकच निष्कर्ष निघत असेल तर न्यायालय हस्तक्षेप टाळू शकते, हा अपवाद मात्र त्याने ठेवला. बेळगावचा ठराव नोंदीवर होता, तो कोणी नाकारत नव्हते. तरीही तो अधिकाराचा दुरुपयोग ठरतो का आणि त्याला बरखास्ती हाच उपाय आहे का, हे प्रश्न वादाचेच होते, म्हणून तेथेही नोटिशीला पर्याय नव्हता. शिवाय 1993 पासून संविधानाच्या 243-यू या अनुच्छेदाने बरखास्तीपूर्वी वाजवी संधी देणे सक्तीचे केले असून बेळगावची महापालिका असो वा निपाणीची नगरपालिका, दोघींना ते सारखेच लागू आहे.

संधी दिली पण ती अपुरी होती, अशी तक्रार असेल तर कसोटी बदलते. स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा या 1996 च्या निकालात चौकशीतील साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती कर्मचाऱ्याला दिल्या गेल्या नव्हत्या, परंतु ते जबाब पाहून टिपणे घेण्याची मुभा त्याला होती. त्यामुळे बचावाला प्रत्यक्ष बाध आला नाही, असे ठरवून कारवाई कायम राहिली. थोडक्यात, सुनावणीच नसणे आणि सुनावणीत उणीव असणे यांत भेद आहे, आणि दुसऱ्या प्रकारात ‘कोणता मुद्दा मांडता आला नाही व तो मांडला असता तर काय बदलले असते’ हे तक्रारदाराला दाखवावे लागते. ‘उत्तरासाठी मुदत कमी होती’ एवढेच वारंवार म्हणत राहिल्याने हे दाखवले जात नाही, हे कितीदा सांगावे?

इतर काही समजांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरेसा आहे.

समोर बोलावून ऐकले नाही म्हणजे सुनावणी झाली नाही : कायद्याने तोंडी सुनावणी आवश्यक केलेली नसेल, तर लेखी उत्तर घेऊन त्याचा खरोखर विचार करणे बहुधा पुरेसे ठरते.

सरकारविरुद्धचा ठराव आणि निर्णय देणारेही सरकारच, म्हणून पक्षपात : कायद्याने अधिकार सरकारलाच दिला असेल, तर केवळ धोरणात्मक विरोध हा पक्षपात ठरत नाही, निर्णय देणाऱ्याचा वैयक्तिक स्वार्थ किंवा वैर दिसावे लागते.

पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करावे लागते : पक्षपाताची वाजवी शक्यता पुरते. क्रैपक प्रकरणात (1969) स्वतः उमेदवार असलेला अधिकारी निवड मंडळावर होता, एवढ्यावरून निवड रद्द झाली, जरी त्याच्या स्वतःच्या नावाचा विचार होताना तो बैठकीत नव्हता. मात्र माहीत असूनही वेळीच हरकत न घेणाऱ्याला ती पुढे घेता येत नाही, हे माणकलाल प्रकरणात (1957) ठरले.

आदेश रद्द झाला म्हणजे आरोप खोटे ठरले : सुनावणीच्या दोषामुळे आदेश रद्द झाला, तर सामान्यतः नवी नोटीस देऊन, उत्तर ऐकून तोच निर्णय पुन्हा घेण्यास सरकार मोकळे असते, कारण न्यायालयाने निर्णयाची पद्धत तपासलेली असते, आरोपांचा खरेखोटेपणा नव्हे.