जर्मन अनेकवचन: अंदाज बांधायचा तो कशावरून?

जर्मन जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी असतो, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. देर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. आता हे तिन्ही शब्द अनेकवचनात न्या. चमचे होतात दी ल्योफेल, सुऱ्या होतात दी मेसर, म्हणजे शब्दाला काहीच झालं नाही. काटे मात्र होतात दी गाबेल्न. ल्योफेल आणि गाबेल दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘एल’ आहे, तरी एकाला ‘न’ लागला आणि दुसरा जसाच्या तसा राहिला.

जर्मन शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त छळतं ते हेच. अनेकवचनाचा एक ठरावीक प्रत्यय नाही. कुठे ‘ए’ लागतो, कुठे ‘एर’, कुठे ‘न’ किंवा ‘एन’, कुठे ‘स’, तर कुठे काहीच नाही. त्यात मधल्या स्वराला ‘उमलाउट’ होतो तो वेगळाच. उमलाउट म्हणजे अक्षरावर दोन टिंबं येऊन स्वर बदलणं: ‘आ’चा ‘ए’, ‘उ’चा ‘यू’, ‘ओ’चा ‘यो’सारखा, ‘आउ’चा ‘ऑय’. बरेच शिक्षक सांगतात, प्रत्येक शब्द अनेकवचनासकट पाठ करा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या गोंधळामागे दोन कारणं आहेत. ती लक्षात आली, तर अनोळखी शब्दाचंही अनेकवचन बहुतेक वेळा बरोबर ओळखता येतं.

पहिलं कारण उपपदात आहे. एकवचनात देर, दी, दास अशी तीन उपपदं असतात, पण अनेकवचनात तिन्ही लिंगांना एकच, ‘दी’. म्हणून पुल्लिंगी ‘देर ल्योफेल’चं ‘दी ल्योफेल’ झालं की शब्द न बदलताही ऐकणाऱ्याला कळतं की चमचे एकापेक्षा जास्त आहेत. ‘दास मेसर’चंही तसंच. स्त्रीलिंगी शब्दाला ही सोय नाही, कारण त्याचं उपपद एकवचनातही ‘दी’ आणि अनेकवचनातही ‘दी’च. म्हणजे खूण शब्दानेच अंगावर घ्यायला हवी. गाबेलला ‘न’ लागतो तो यासाठी. मराठीत ‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ यांत दगड तोच राहतो, संख्या क्रियापद सांगतं. जर्मनमध्ये ते काम उपपद आणि क्रियापद मिळून करतात, पण स्त्रीलिंगी शब्दापुढे उपपद गप्प बसतं.

यातून पहिला आणि सर्वांत भरवशाचा आडाखा मिळतो. शब्द स्त्रीलिंगी असेल तर ‘न’ किंवा ‘एन’ लावा, दहांपैकी नऊ वेळा उत्तर बरोबर येईल. फ्राउ (बाई) – फ्राउएन, त्साइटुंग (वर्तमानपत्र) – त्साइटुंगेन, टासे (कप) – टासेन, श्वेस्टर (बहीण) – श्वेस्टर्न. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, सिओन अशा शेवटांचे शब्द स्त्रीलिंगीच असतात आणि त्यांना ‘एन’च लागतो, तिथे विचारही करायला नको. ‘इन’ने संपणाऱ्या बायकांच्या व्यवसायनामांतही ‘एन’च लागतो, फक्त लिहिताना त्याआधी आणखी एक ‘न’ वाढतो: लेररिन (शिक्षिका) – लेररिनेन.

उरलेला दहावा कोण? तिथे बहुतेक एका अक्षराचे, रोजच्या वापरातले जुने शब्द आहेत, फार तर काही डझन. हांट (हात) – हेंडे, श्टाट (शहर) – श्टेटे, नाख्ट (रात्र) – नेश्टे, वुर्स्ट (सॉसेज) – व्युर्स्टे. यांना ‘ए’ लागतो आणि स्वरही बदलतो. बाकी राहिल्या दोघी, आई आणि मुलगी. मुटर – म्युटर, टोख्टर – ट्योश्टर. यांना प्रत्यय लागत नाही, पण स्वर बदलून खूण तेवढी टिकते. खूण अजिबात नसलेलं स्त्रीलिंगी अनेकवचन सहसा सापडत नाही.

दुसरं कारण लयीचं आहे. जर्मन कानाला अनेकवचन कसं ऐकू यायला हवं याची एक ठाम आवड आहे. शेवटी आघात नसलेलं, हलकं ‘ए’चं अक्षर हवं, म्हणजे आधी जड आणि मग हलकं. टाक (दिवस) एका अक्षराचा, म्हणून त्याचं टागे. पण लेरर (शिक्षक), फेन्स्टर (खिडकी), वागेन (गाडी) हे शब्द एकवचनातच जड-हलके आहेत. एर, एल, एन असं हलकं अक्षर त्यांच्या शेवटी आधीच बसलेलं आहे. त्याला आणखी अक्षर जोडलं तर लय बिघडेल. म्हणून दुसरा आडाखा असा: पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी शब्द एर, एल, एन यांनी संपत असेल तर काहीही लावू नका. ‘शेन’ आणि ‘लाइन’ या लघुत्वदर्शक प्रत्ययांनी संपणारे शब्दही याच रांगेत येतात. गाबेलला नवीन अक्षर न वाढवता नुसता ‘न’ लागतो आणि फ्राउला अख्खं ‘एन’ लागतं, तेही या लयीमुळेच.

या गटातल्या काही पुल्लिंगी शब्दांना उमलाउट होतो: फाटर (वडील) – फेटर, ब्रूडर (भाऊ) – ब्र्यूडर, आप्फेल (सफरचंद) – एप्फेल, गार्टेन (बाग) – गेर्टेन. हे पाठच करावे लागतात, पण थोडेच आहेत. मुस्केल (स्नायू) – मुस्केल्न, बाउअर (शेतकरी) – बाउअर्न असे नियम मोडणारेही बोटांवर मोजण्याइतकेच.

‘ए’ने संपणारा शब्द असेल तर लिंग कोणतंही असो, बहुधा ‘न’ लागतो: युंगे (मुलगा) – युंगेन, आउगे (डोळा) – आउगेन. ‘गे’ने सुरू होऊन ‘ए’ने संपणारे नपुंसकलिंगी शब्द मात्र बदलत नाहीत, जसं गेबॉयडे (इमारत).

आता खरा कठीण भाग. एका अक्षराचे पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द. इथे ‘ए’ लावावा, कारण बहुमत त्याचंच आहे: हुंट (कुत्रा) – हुंडे, टिश (टेबल) – टिशे, यार (वर्ष) – यारे, ब्रोट (पाव) – ब्रोटे. पण उमलाउट होणार की नाही, ते पुल्लिंगी शब्दांत आधी सांगता येत नाही. श्टूल (खुर्ची) – श्ट्यूले होतं, शू (बूट) – शूए मात्र होतं. मराठीत भिंतीच्या भिंती होतात आणि विटेच्या विटा, यामागचा नियम परक्या माणसाला सांगायला बसलो तर आपलीही हीच अडचण होईल. नपुंसकलिंगी शब्दांत निदान एवढी खात्री आहे की ‘ए’ लागला तर स्वर सहसा बदलत नाही.

‘एर’ लागणाऱ्या शब्दांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या जर्मनमध्ये हा प्रत्यय ‘इर’ होता आणि तो मोजक्याच नपुंसकलिंगी शब्दांना लागे. त्यांत कोकरू, वासरू, अंडं असे गोठ्या-अंगणातले शब्द होते. कोकरू म्हणजे ‘लांब’, त्याचं अनेकवचन ‘लेंबिर’. पुढच्या ‘इ’ची चाहूल लागून मागचा ‘आ’ ‘ए’कडे सरकला. पुढे शतकांच्या ओघात ‘इर’चा ‘एर’ झाला, म्हणजे कारण पुसलं गेलं, पण बदललेला स्वर तसाच राहिला. आजचं लाम – लेमर हे त्याचंच रूप. मग या छोट्या गटाचं अनुकरण सुरू झालं. किंट (मूल) या शब्दाचं अनेकवचन पूर्वी किंटच होतं, ते पुढे किंडर झालं. हाउस (घर) – हॉयझर, बूख (पुस्तक) – ब्यूशर, ग्लास – ग्लेझर हेही त्यात आले. आज असे नपुंसकलिंगी शब्द शंभराच्या घरात आहेत. पुल्लिंगी शब्द डझनभरच, जसे मान (पुरुष) – मेनर आणि वाल्ट (जंगल) – वेल्डर. स्त्रीलिंगी एकही नाही. ‘एर’ लागला आणि स्वर बदलण्याजोगा असला, तर उमलाउट होतोच. इथे वाचकांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी. किंट, हुंट, वाल्ट यांच्या शेवटी एकवचनात ‘ट’ ऐकू येतो, पण अनेकवचनात ‘ड’. लिहिताना दोन्हीकडे ‘ड’चंच अक्षर असतं.

राहिला ‘स’. आउटो – आउटोस, होटेल – होटेल्स, ओमा (आजी) – ओमास. जी नामं जर्मन लयीत बसत नाहीत त्यांच्यासाठी हा प्रत्यय आहे: परके शब्द, पूर्ण स्वराने संपणारे शब्द, संक्षेप, आणि आडनावंसुद्धा. म्युलर कुटुंब म्हणजे दी म्युलर्स. मात्र लॅटिन, ग्रीक किंवा इटालियनमधून आलेले शब्द फसवतात. मुझेउमचं मुझेएन होतं, फिर्माचं (कंपनी) फिर्मेन आणि कोंटोचं (खातं) कोंटेन. त्यांचा मूळ शेवट गळतो आणि ‘एन’ येतो.

हे आडाखे आता त्याच जेवणाच्या टेबलावर लावून बघू. दी कार्टोफेल, बटाटा: स्त्रीलिंगी, म्हणून कार्टोफेल्न. बरोबर. देर टेलर, ताट: पुल्लिंगी आणि शेवटी ‘एर’, म्हणून टेलरच. बरोबर. देर टोप्फ, भांडं: एका अक्षराचं पुल्लिंगी, म्हणून ‘ए’, पण उमलाउट? आडाखा इथे थांबतो. उत्तर आहे ट्योप्फे. दास ग्लास: नपुंसकलिंगी, एका अक्षराचं, आडाखा ‘ए’ सांगतो आणि चुकतो, कारण हा ‘एर’च्या शंभरातला. दी वुर्स्ट: स्त्रीलिंगी, आडाखा ‘एन’ सांगतो आणि तोही चुकतो. चुका कुठे झाल्या ते पाहा: एका अक्षराच्या, घरगुती, जुन्या शब्दांत. लांब शब्द जवळजवळ दगा देत नाहीत. जोडशब्द कितीही लांब असला तरी फक्त शेवटचा शब्द बदलतो. सफरचंदाचं झाड, आप्फेलबाउम, याचं आप्फेलबॉयमे होतं. बाउमचं बॉयमे झालं, आप्फेलला धक्काही लागला नाही.

वाचताना एक फसगत होते. चतुर्थी विभक्तीत अनेकवचनाला वरून आणखी एक ‘न’ चिकटतो. ‘मिट देन किंडर्न’, म्हणजे मुलांसोबत. हे पाहून किंडर्न हेच अनेकवचन असं वहीत लिहू नका. ‘स’ने किंवा आधीच ‘न’ने संपणाऱ्या रूपांना हा जादा ‘न’ लागत नाही.

तेव्हा पाठांतर करायचं ते सगळ्या नामांचं नको. स्त्रीलिंगी शब्द, एर-एल-एन असे शेवट आणि परके शब्द आडाख्यांवर सोडा. वही ठेवा ती एका अक्षराच्या शब्दांची, आणि तीत प्रत्येक शब्द उपपदासकट लिहा, कारण लिंग माहीत नसेल तर वरचे बहुतेक आडाखे चालणार नाहीत.