आलो की आलोय?

फोनवर मित्र म्हणतो, "आलो!" तेव्हा आपण निवांत असतो. तो अजून दोन चौक मागे असेल, कदाचित त्याने पायात चपलाही घातल्या नसतील. "आलोय" म्हणाला, की मात्र उठून दार उघडावं लागतं. फरक एवढाच, की दुसऱ्या रूपाच्या पोटात एक "आहे" दडलेला आहे. शाळेच्या व्याकरणात "आलो" हा साधा भूतकाळ आणि "आलो आहे" हा पूर्ण वर्तमानकाळ. घडून गेलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ म्हणणं विद्यार्थ्यांना विचित्र वाटतं, पण व्याकरणकारांचं बरोबर आहे. "आलो आहे" हे वाक्य आत्ताबद्दल बोलतं: मी इथे आहे, कारण मी आलो.

साधा भूतकाळ घटना अख्खी समोर ठेवतो आणि बाजूला होतो. ती घटना मागे पडलेलीच असली पाहिजे, असाही त्याचा आग्रह नसतो. हॉटेलातला पोऱ्या "आणला चहा!" म्हणतो तेव्हा चहा अजून उकळत असतो. काम झाल्यातच जमा आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. "आणलाय" म्हणायला कप टेबलावर यावा लागतो.

मराठीची निवड नीट कळायला तिसरं रूपही सोबत घ्यावं लागतं. समजा, आजीला ताप आहे आणि डॉक्टर फोनवर विचारतात, काही औषध दिलं का? घरचे म्हणाले, "सकाळी तापाची गोळी घेतली," तर डॉक्टरांना फक्त घटना कळते. पुढचा प्रश्न त्यांना विचारावा लागतो. "गोळी घेतलीय" म्हटलं, तर ते समजतात की औषधाचा अंमल चालू आहे, दुसऱ्या गोळीची घाई नको. आणि "गोळी घेतली होती" म्हटलं, की ऐकणारा पुढच्या "पण"ची वाट बघू लागतो: पण ताप पुन्हा चढला. गोळी तीच, वेळही तीच. बोलणारा आपल्याला सांगतोय ते गोळीच्या परिणामाचं काय झालं, हे. पाहुण्यांचंही तसंच. "पाहुणे आलेत" म्हणजे घरात आहेत, हळू बोला. "पाहुणे आले होते" म्हणजे गेले, आता बोला.

म्हणून मराठीत "काल" आणि "आहे" एका वाक्यात सुखाने नांदतात. वाणी उधारीची वही उघडून बसला, की गिऱ्हाईक तावातावाने म्हणतं, "मी परवाच पैसे दिलेत!" देणं परवा झालं, पण फिटलेली उधारी आजही फिटलेलीच आहे, आणि भांडण तिच्यावरच चाललंय. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, "आय हॅव पेड यू द डे बिफोर यस्टरडे" म्हटलं, की इंग्रजी शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते. परिणाम टिकलाय का, हे इंग्रजीही बघते, पण त्याआधी तिची दुसरी अट असते. वाक्यात सरून गेलेली वेळ नेमकी सांगितली, की "हॅव" बाद. यस्टरडे, लास्ट इयर, इन २०१९, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, यांतलं काहीही आलं की साधा भूतकाळच वापरायचा.

आपल्याकडच्या इंग्रजीतल्या दोन नेहमीच्या चुका इथेच उगवतात. "आय हॅव सीन हिम यस्टरडे" ही एक. तिच्यामागे "मी त्याला कालच पाहिलंय" उभं असतं. दुसरी "आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे". हिच्यामागे आहे आपलं "काल मुंबईला गेलो होतो", म्हणजे गेलो आणि परत आलो. पण इंग्रजीतल्या "हॅड"ला त्याच्या नंतर घडलेली आणखी एखादी भूतकाळातली गोष्ट लागते. ती सांगितली नाही, तर ऐकणारा वाट बघत राहतो: गेला होतास, आणि तेवढ्यात काय झालं? नियमांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा मला एक कसोटी जास्त उपयोगी वाटते. आपलं वाक्य "केव्हा?" या प्रश्नाचं उत्तर देत असेल, तर इंग्रजीत "हॅव" नको. "आज सकाळी"सारखे शब्द तर घड्याळ बघून वापरावे लागतात. सकाळी दहा वाजता "आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग" चालतं, कारण सकाळ अजून संपलेली नाही. संध्याकाळी हेच सांगताना "हॅव हॅड" जाऊन नुसतं "हॅड" उरतं.

इंग्रजीची आणखी एक खोड आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे: आइनस्टाइन वारल्यानंतर "आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन" हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं, कारण तिथे कर्ता हयात असावा लागतो. आपण मात्र "टिळकांनी गीतारहस्य लिहिलंय" असं बिनदिक्कत म्हणतो. टिळक १९२० साली गेले, तरी १९१५ मध्ये छापलेला ग्रंथ कपाटात आहे, मराठीला तेवढं पुरतं. पण "टिळक मंडालेला गेलेत" म्हणून बघा. टिळक आत्ता मंडालेत आहेत, असंच ऐकू येईल. ग्रंथ टिकला, प्रवास टिकला नाही.

वेळेची हद्द प्रत्येक भाषा आपापल्या जागी आखते. माद्रिदकडच्या स्पॅनिशमध्ये साधारणपणे आज घडलेल्या गोष्टीला "हॅव"सारखं रूप लागतं आणि कालच्या गोष्टीला साधा भूतकाळ. मेक्सिकोत आजच्या जेवणालाही बहुतेक साधा भूतकाळच पुरतो. आपल्याला हे फार परकं वाटायला नको. पाणिनीच्या व्याकरणातही आजच्या दिवसाबाहेरच्या भूतकाळासाठी वेगळं रूप सांगितलेलं आहे. आज बोलताना मराठी माणूस ही दिवसाची हद्द पाळत नाही.

पण म्हणून "परिणाम उरला की आहे लावा" असा सरळ नियम केला, तर तोही फसतो. महाराष्ट्र राज्य आजही आहे, तरी इतिहासाच्या पुस्तकात "१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आहे" हे वाक्य बेढब वाटतं. कारण तिथे आपण हकीकत सांगत असतो. हकिकतीत एका घटनेनंतर दुसरी घटना यावी लागते, आणि ते काम साध्या भूतकाळाचं. "तो उठला, आंघोळ केली, डबा घेतला, निघाला" यात माणूस चालताना दिसतो. प्रत्येक क्रियापदाला "आहे" जोडून पाहा: "तो उठला आहे, त्याने आंघोळ केली आहे, डबा घेतला आहे, तो निघाला आहे." आता माणूस चालत नाही, कोणीतरी त्याच्यावर पाळत ठेवून वर कळवतंय असं वाटतं. घटनास्थळावरून बोलणाऱ्या टीव्ही वार्ताहराची भाषा अशी असते, आणि तिथे ती शोभते, कारण त्याला आत्ताची परिस्थिती सांगायची असते: आग लागली आहे, बंब पोहोचले आहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र आग लागली, बंब पोहोचले आणि दोन तासांनी ती विझली.