तीन व्होल्टची शिल्लक

पीओपीच्या छताच्या कडेने एलईडी स्ट्रिप फिरवली की ती जिथून निघाली त्याच कोपऱ्यात परत येऊन संपते. तिथे सुरुवात आणि शेवट शेजारी शेजारी येतात आणि फरक लपत नाही. एका बाजूचा उजेड लख्ख, दुसऱ्या बाजूचा मलूल. तक्रार झाली की इलेक्ट्रिशियन शिडीवर चढतो, स्ट्रिप सोडवतो, वायरीच्या उघड्या टोकांना मल्टिमीटर लावतो आणि म्हणतो, "बघा साहेब, बरोबर बारा व्होल्ट येतायत. स्ट्रिपच खराब निघाली." स्ट्रिप बदलली जाते. नवी स्ट्रिपही तशीच पेटते.

मीटरवरचा आकडा बरोबर असतो, पण तो स्ट्रिप सुटलेली असतानाचा असतो. वायरीतून प्रवाह वाहू लागला की तिच्या रोधामुळे व्होल्टेज पडतं. प्रवाहच थांबवला तर केसासारख्या बारीक वायरीच्या टोकालाही पूर्ण बारा व्होल्ट दिसतील. म्हणून मोजायचं ते स्ट्रिप जोडलेली आणि पूर्ण उजेडात पेटलेली असताना. तसं मोजलं, तर त्याच टोकांवर पावणेअकरा व्होल्ट दिसू शकतात.

बारातून सव्वा व्होल्ट कमी झाला, म्हणजे दहा टक्के. एवढ्याने काय बिघडतं? उत्तर स्ट्रिपच्या आतल्या मांडणीत आहे. बारा व्होल्टची साधी पांढरी स्ट्रिप नीट पाहिली, तर दर तीन एलईडींनंतर कात्रीची खूण असते. प्रत्येक तुकड्यात तीन एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यांच्या जोडीला एक चिमुकला काळा रेझिस्टर असतो. पांढऱ्या एलईडीला उजळायला सुमारे तीन व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांचे मिळून नऊ. उरलेले तीन व्होल्ट रेझिस्टरच्या वाट्याला येतात आणि एलईडीतून किती प्रवाह जाईल हे त्या तीनांवर ठरतं. स्ट्रिपपर्यंत अकराच व्होल्ट पोहोचले, तर एलईडी आपले जवळपास नऊ घेतातच. तूट रेझिस्टरच्या हिश्शातून जाते, तिथे तीनाचे दोन होतात आणि प्रवाह व उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो. नऊ व्होल्टच्या आसपास तर स्ट्रिप जेमतेम मिणमिणते. म्हणजे वायरीत गेलेला व्होल्ट बाराच्या हिशेबात धरायचा नसतो, तो या तीन व्होल्टच्या शिल्लकेतून जातो.

आता वायरीकडे वळू. "हीच वायर दोनशे तीस व्होल्टला चालते, मग बाराला का नाही चालणार?" हा प्रश्न दुकानात हमखास ऐकू येतो. वायरीची जाडी ठरते ती प्रवाहावर. मीटरला ९.६ वॅट घेणारी पाच मीटरची स्ट्रिप ४८ वॅटची होते. तेवढ्याच वॅटला २३० व्होल्टवर जेमतेम ०.२ अँपिअर पुरतात, तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर लागतात. चार अँपिअरने एक स्क्वेअरची वायर गरमही होत नाही, त्यामुळे ती "झेपते" हे इलेक्ट्रिशियनचं म्हणणं सुरक्षेपुरतं खरं आहे. पण न तापणारी वायर उजेड पूर्ण पोहोचवेलच असं नाही. हे दोन निकष वेगळे आहेत, आणि कमी व्होल्टेजच्या लांब वायरीत दुसरा निकष पहिल्याच्या खूप आधी आडवा येतो.

एक उदाहरण सोडवू. ड्रायव्हर, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारा डबा, बाथरूमवरच्या माळ्यावर आहे आणि स्ट्रिप तिथून दहा मीटरवर सुरू होते. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून हिशेबात वीस मीटर धरायचे. हे दुप्पट करणं विसरलं की सगळं गणित निम्म्याने चुकतं. बारीक तारांच्या तांब्याच्या ०.७५ स्क्वेअर वायरीचा रोध मीटरला साधारण २६ मिलिओहम असतो. वीस मीटरचा झाला ०.५२ ओहम. त्याला चार अँपिअरने गुणलं की दोन व्होल्टहून थोडे जास्त येतात. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की स्ट्रिप प्रवाहही कमी ओढते, त्यामुळे तूट सव्वा व्होल्टच्या आसपास स्थिरावते आणि उजेड साठ टक्क्यांवर येतो. हेच वीस मीटर अडीच स्क्वेअरच्या वायरीने केले तर रोध ०.१६ ओहम होतो आणि उजेड ऐंशीच्या थोडा वर जातो. सोप्या गुणाकाराने येणारी तूट बारा व्होल्टच्या स्ट्रिपसाठी अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवायची म्हटली, तर या अंतराला चार स्क्वेअरची वायर लागते. घरात गीझरला वापरतात तेवढी जाड वायर, आणि तीही एका ४८ वॅटच्या दिव्यासाठी!

इथे २४ व्होल्टची स्ट्रिप कामाला येते. वॅट तेवढेच असले तर प्रवाह निम्मा होतो, म्हणजे त्याच वायरीत तूटही निम्मी. शिवाय अशा स्ट्रिपच्या तुकड्यात सहा एलईडी असतील तर त्यांचे अठरा व्होल्ट वजा जाऊन शिल्लक सहा उरते. तूट निम्मी आणि शिल्लक दुप्पट, असा चौपट फायदा होतो. आपल्या उदाहरणात ०.७५ स्क्वेअरच्या वायरीवर २४ व्होल्टची स्ट्रिप पंच्याऐंशी टक्के उजेड देते. बारा व्होल्टला अडीच स्क्वेअरची वायर घालूनही एवढा मिळत नव्हता. काही स्ट्रिपमध्ये सहाऐवजी सात एलईडी असतात, तिथे शिल्लक निम्मीच उरते, पण कल तोच राहतो. फक्त स्ट्रिप आणि ड्रायव्हर दोन्ही २४ चेच हवेत. बाराची स्ट्रिप चोवीसवर लावली तर ती क्षणभर डोळे दिपवते आणि जळते.

काम बाराच्याच स्ट्रिपवर करायचं असेल, तर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे ड्रायव्हर स्ट्रिपजवळ आणणं. गावाकडे हे तत्त्व ओळखीचं आहे. लांबलचक लघुदाब लाइनच्या शेवटी असलेल्या शेतात पंपाला कमी व्होल्टेज मिळतं. महावितरणने कृषिपंपांसाठी एचव्हीडीएस योजना आणली, तिच्यात उच्चदाबाची लाइन थेट शेतापर्यंत नेऊन एकदोन पंपांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. आपल्या छतातही लांबचा पल्ला २३० व्होल्टने कापायचा आणि बारा व्होल्टसाठी मीटरभर वायर ठेवायची. तसं केल्यावर तीच ०.७५ ची वायर नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड पोहोचवते. अट एवढीच की ड्रायव्हर पीओपीत चिणून टाकायचा नाही. त्याला हवा लागते आणि कधीतरी तो बदलावा लागतो, म्हणून तिथे उघडणारं झाकण ठेवायचं. २३० व्होल्टचे जोड डब्यात बंद असावेत.

इथपर्यंत वायर झाली, पण कोपऱ्यातला फरक अजून उरतोच. वायरीतल्या तुटीने अख्खी स्ट्रिप सारखीच मंदावते, आणि शेजारी तुलनेला काही नसेल तर वीस टक्क्यांची सरसकट घट डोळ्याला सहसा कळतही नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत जाणारा उजेड हा स्ट्रिपच्या आतल्या तांब्याचा परिणाम असतो. लवचीक पट्टीवरचा हा थर स्वस्त मालात मिलिमीटरचा सुमारे तिसावा भाग असतो म्हणायला हरकत नाही, अचूक सांगायचं तर ३५ मायक्रॉन. चांगल्या मालात तो ७० मायक्रॉन असतो. तीन मिलिमीटर रुंद आणि ३५ मायक्रॉन जाड पट्टी म्हणजे जेमतेम ०.१ स्क्वेअरची वायर! बाहेर चार स्क्वेअर घातली तरी शेवटचे पाच मीटर प्रवाह याच पट्टीतून जातो. म्हणून बारा व्होल्टचे दोन रोल एकामागे एक जोडायचे नसतात. प्रत्येक रोलला ड्रायव्हरपासून स्वतंत्र वायर द्यायची.

एका रोलमधला उतार कमी करण्याची युक्तीही सोपी आहे. वायर टोकाला न जोडता रोलच्या मध्यावर, कात्रीच्या खुणेपाशी असलेल्या तांब्याच्या ठिपक्यांवर डाग देऊन जोडायची. प्रत्येक बाजूला निम्मा प्रवाह निम्म्या लांबीतून जातो, त्यामुळे सर्वांत दूरच्या एलईडीपर्यंतची तूट चौथाईवर येते. दोन्ही टोकांना वायर दिली तरी फायदा तेवढाच, पण वायर जास्त लागते. जाड वायर त्या इवल्या ठिपक्यांवर बसत नाही, म्हणून ती स्ट्रिपच्या जवळ संपवायची आणि शेवटची वीतभर वायर बारीक ठेवायची. वीतभरात फारसं काही पडत नाही.

रंगीत स्ट्रिपमध्ये तूट रंगातूनच बोलते. लाल एलईडीला दोनच व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीन लागतात. त्यामुळे लालची शिल्लक मोठी असते आणि तूट वाढली की निळा-हिरवा आधी मंदावतो. तिन्ही रंग एकदम लावून पांढरा केला आणि शेवटाकडे तो लालसर दिसू लागला, तर कारण शोधत बसायला नको.

पांढऱ्या स्ट्रिपसाठी मीटर लागतो, आणि मोजायच्या जागा तीन आहेत. पेटलेल्या अवस्थेत ड्रायव्हरच्या टोकांवर, स्ट्रिपच्या सुरुवातीला आणि तिच्या शेवटी. पहिल्या ठिकाणीच बारा नसतील तर ड्रायव्हर अपुरा आहे. पहिल्या आणि दुसऱ्यात मोठा फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात असेल तर स्ट्रिपला आणखी एका ठिकाणी वायर द्यायला हवी. गणिताने येते त्याहून वायरीतली तूट बरीच जास्त निघाली, तर वायरीची एक तार ब्लेडने खरवडून बघावी. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, आणि त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. जोडापाशी बोटाला ऊब लागली तर दोष त्या जोडाचा. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडांत आणि क्लिप कनेक्टरमध्ये हे नेहमीचंच आहे.

काही ड्रायव्हरवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो आणि तो पिळून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तूट लांब वायरीतली असेल तर अर्धापाऊण व्होल्ट भरून काढायला तो चालतो, मात्र स्ट्रिपच्या सुरुवातीला मीटर लावून, बाराच्या वर न जाता. तूट स्ट्रिपच्या आतली असेल तर शेवट उजळण्याच्या नादात सुरुवातीचे एलईडी प्रमाणाबाहेर प्रवाह घेतात, तापतात आणि लवकर मरतात. या सगळ्या चाचण्या करायची वेळ एकच, वायर ओढून झाल्यावर आणि पीओपीवाला शेवटचा हात मारण्याआधी. त्यानंतर जाड वायर घालायची तर छत फोडावं लागतं.