आव्यूहाचे अवयव एकदाच पाडण्यातील लाभ

n अज्ञातांची n एकघाती समीकरणे Ax = b या रूपात मांडून गाउसच्या निरासपद्धतीने सोडविली असता श्रमाचे दोन भाग पडतात. पहिला भाग केवळ A वर अवलंबून असतो, दुसऱ्यात b चा प्रवेश होतो. A = LU असे अवयव पाडणे म्हणजे पहिल्या भागाची नोंद जपून ठेवणे होय. ॲलन ट्यूरिंग यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात निरासाकडे याच दृष्टीने पाहिले आहे.

A च्या ओळी (२, १, १), (४, ३, ३), (८, ७, ९) अशा घेऊ. पहिल्या ओळीची २ पट दुसरीतून व ४ पट तिसरीतून वजा करावी. नंतर नव्या दुसऱ्या ओळीची ३ पट तिसरीतून वजा करावी. उरलेल्या (२, १, १), (०, १, १), (०, ०, २) या ओळी म्हणजे U. एरवी टाकून दिले जाणारे २, ४, ३ हे गुणक कर्णाखाली व कर्णावर १ मांडले की L सिद्ध होतो. आता b = (४, १०, २४) असता Ly = b वरून y = (४, २, २), आणि Ux = y वरून x = (१, १, १). दुसरा b आल्यास एवढाच शेवटचा भाग पुन्हा करावयाचा.

निरासाच्या k-व्या पायरीत n − k भागाकार व (n − k)² गुणाकार लागतात. सर्व पायऱ्यांची बेरीज (n³ − n)/3 येते. बेरजा-वजाबाक्या साधारण तितक्याच असल्याने त्या येथे मोजलेल्या नाहीत. उलट, एका b साठी दोन्ही त्रिकोणी संहती सोडविण्यास मिळून नेमक्या n² क्रिया पुरतात. n = १०० असता हे आकडे ३,३३,३०० व १०,००० होत. पाचशे b साठी दर वेळी नव्याने निरास केल्यास १७,१६,५०,००० क्रिया होतील. अवयव राखल्यास ५३,३३,३००, म्हणजे सुमारे बत्तिसावा हिस्सा.

सर्व b आरंभीच हाती असतील, तर ते एकाच निरासात ओढून नेता येतात व L जपण्याचे कारण उरत नाही. खरा लाभ पुढचा b मागील उत्तरावरून ठरतो तेथे आहे. उत्तर सुधारण्यासाठी r = b − Ax हा शेष काढून Ad = r सोडवितात, ते याच प्रकारचे. व्यस्त आव्यूह काढून ठेवावा असे कित्येकांना वाटते. परंतु त्यास सुमारे n³ क्रिया लागतात, आणि पुढे प्रत्येक b मागे n² लागतातच.

एक सावधगिरी मात्र हवी. पूर्णांकन-दोष आवरण्यासाठी व्यवहारात ओळींची अदलाबदल करतात. वरील उदाहरणातही ८ ची ओळ वर आली असती. तीच अदलाबदल प्रत्येक नव्या b वर करावी लागते. ती राहून गेल्यास आकडेमोड न अडखळता पुरी होते आणि उत्तर चुकीचे येते. मूळ A घेऊन काढलेला शेष मोठा दिसला की हा घोटाळा ओळखावा. A मधील बऱ्याच नोंदी बदलल्या असतील, तर मात्र अवयव नव्यानेच पाडले पाहिजेत.