रुजू होण्याची तारीख नसलेली नोकरी

कॅम्पस मुलाखतीनंतर हाती येणाऱ्या पत्रात पगाराचा आकडा असतो, पण रुजू होण्याची तारीख अनेकदा ‘कंपनीच्या गरजेनुसार’ ठरणार असते. सगळी मेख इथेच आहे. इन्फोसिसने निवडलेल्या 2022 च्या तुकडीतील सुमारे 2,000 अभियंत्यांची नेमणूक अशीच दोन वर्षे रखडली. पुण्याच्या ‘नाइट्स’ संघटनेने ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. पुढच्याच महिन्यात अनेकांना तारखा मिळाल्या.

अशा उमेदवाराच्या ईमेलमध्ये बहुधा नुसती व्यथा असते. कामाचे असतात ते उमेदवार क्रमांक, पत्राची तारीख आणि एकच प्रश्न: निवड कायम असल्यास रुजू कोणत्या महिन्यात व्हायचे? प्रत महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षालाही पाठवावी, कारण पुढच्या भरतीसाठी कंपनीला तिथेच यायचे असते. ‘लवकरच कळवू’ एवढेच उत्तर आले, तर दुसरीकडे अर्ज सुरू करावेत.